नांगर एक, जुना, चालू स्थितीत

खोली मिळाली तेव्हा ज्योतीरामने कंपनीत पेढे वाटायचं ठरवलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी त्याला कळेना की आपल्याला खोली मिळाली आहे की शेती.

चौऱ्याहत्तर सालचा दसरा होऊन गेला होता. ज्योतीराम मूळचा औसा तालुक्यातला, कंपनीत लेथवर कायम होऊन वर्ष झालेला. पगार बरा होता, पण राहायचं काय? आकुर्डीत एका खोलीत सात-आठ जण, आणि फर्स्ट शिफ्टवाला उठला की नाइटवाला त्याच उबदार गादीवर आडवा व्हायचा. बायको इंदू आणि तान्ही मुलगी गावाकडे. मुलीला त्याने एकदाच पाहिलं होतं आणि तेव्हाही ती झोपलेली होती. इंदूने गावच्या माणसाबरोबर निरोप धाडला होता की दिवाळीआधी खोली बघा, न्हाईतर मी माझ्या भावाकडं चालले, मग पोरीला बाप म्हणून दावायला एक फोटू तेवढा पाठवून द्या. निरोप्याने हा निरोप कॅन्टीनमध्ये, भर गर्दीत, मोठ्याने सांगितला. ज्योतीरामने अर्धा चहा तसाच सोडला.

खोल्या नव्हत्या असं नाही. कारखाने आल्यापासून ज्याच्याकडे म्हणून चार विटा होत्या त्याने चाळ बांधली होती. पण मालक आधी गाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी काल संध्याकाळीच गेलेली असायची. असं दोन ठिकाणी झालं. तिसऱ्या ठिकाणी तो मनाची तयारी करूनच गेला.

तिसरं ठिकाण म्हणजे सोपानरावांची चाळ. म्हातारा गावचा जुना शेतकरी, उंच, वाळका, डोक्याला मळकं पागोटं. जमीन कंपन्यांना गेली, मोबदल्याच्या पैशातून पत्र्याच्या पाच खोल्या उठल्या, त्यातली शेवटची रिकामी होती. म्हाताऱ्याने आडनाव विचारलंच नाही.

"बाप काय करतो?" त्यांनी विचारलं.

"सालगडी होता. आता थकला."

"नांगर धरायचा?"

"जन्मभर धरला की. दुसऱ्याचा."

म्हाताऱ्याने त्याला एकदा न्याहाळलं आणि ते म्हणाले, "खोली तुझी. उद्या करार करू. पर येक हाय. सामानाची यादी करायची, तिच्यावर तू सही करायची, आन ती कराराला जोडायची. यादी न्हाई तर खोली न्हाई."

खोलीत एक बल्ब, भिंतीत तीन खुंट्या, दाराला कडी. यादी करायला कितीसा वेळ लागणार? ज्योतीराम खुशीत हो म्हणाला.

करार करायला ते चिंचवड स्टेशनजवळ परांजप्यांकडे गेले. परांजपे एका किराणा दुकानाच्या ओसरीवर टाइपरायटर मांडून बसत. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, सगळं त्यांच्या बोटांतून निघायचं. नवा कायदा आल्यापासून घरमालकांची पाचावर धारण बसली होती. भाडेकरू एकदा आत शिरला की देवालाही बाहेर काढता येत नाही असं जो तो बोलायचा, त्यामुळे परांजप्यांचा धंदा तेजीत होता. करार अकरा महिन्यांचा, आणि भाड्याला भाडं म्हणायचं नाही, लायसन्स फी म्हणायचं, असं त्यांनी समजावलं.

"आता परिशिष्ट," ते कागद सरकवत म्हणाले. "जागेत तुमची जी चीजवस्तू आहे तिची यादी. वस्तू, नग, स्थिती. म्हणजे उद्या हा गृहस्थ पंखा काढून घेऊन गेला तर तुमच्या हातात काही असावं. दोघांच्या सह्या, दोन प्रती. बोला."

"बल येक," सोपानराव म्हणाले.

"कोण?"

"लायटीचा बल. खुट्या तीन. कडी-कोयंडा येक." म्हाताऱ्याने घसा साफ केला. "नांगर येक."

परांजप्यांची बोटं थांबली. "काय एक?"

"नांगर. बाभळीचा. मग कुळव येक. पाभर येक. जू येक. आन मोट, लोखंडाची, येक."

परांजप्यांनी चष्मा काढला. ज्योतीरामने आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग परांजप्यांकडे, मग उगाच रस्त्याकडे. गंमत करतायत म्हणावं तर म्हाताऱ्याच्या तोंडावर गमतीची एक रेघ नव्हती.

"सोपानराव, ही खोली राहायची आहे ना?" परांजपे म्हणाले. "फर्निचर म्हणजे खाट, टेबल, कपाट."

"ते आमच्याकडं न्हाई. जे हाय ते लिवा."

"पर खोलीत तर काय न्हाई!" ज्योतीराम न राहवून म्हणाला. "मी सोता बघितली."

"उद्या आसंल," म्हातारे म्हणाले.

परांजप्यांनी खांदे उडवले आणि टाइप केलं. पंख्या-टेबलांच्या सवयीने त्यांच्या हातून निघालं, 'नांगर एक, चालू स्थितीत.' खाली नेहमीचं कलम आलं की सदर वस्तू वापरणाराच्या ताब्यात राहतील, त्याने त्या विकू नयेत, गहाण टाकू नयेत वा कोणास देऊ नयेत, आणि जागा सोडताना जशाच्या तशा मालकास परत कराव्यात. ते वाचून दाखवल्यावर सोपानरावांनी मान हलवली.

"'कोणास'च्या म्होरं लिवा, मालकाच्या घरच्या माणसास बी."

"तुमच्याच घरच्या माणसास देऊ नये?"

"व्हय."

आता परांजपेही गोंधळले. ज्योतीरामच्या डोक्याचा तर पार भुगा झाला होता. सही करायला पेन हातात आलं तेव्हा त्याने ते खाली ठेवलं आणि उद्या करतो म्हणून उठला. सोपानरावांचा चेहरा एवढा उतरला की ज्योतीरामला आपणच काहीतरी चोरल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ही हकिगत भैरूला सांगितली. भैरू शेजारच्या मशिनवरचा, युनियनचा माणूस. त्याला प्रत्येक गोष्टीत मालक वर्गाचा डाव दिसायचा, आणि दहातल्या सात वेळा तो असायचाही.

"सही करू नको, भावा," भैरू म्हणाला. "सरळ आहे. नांगर ठेवला की ते राहतं घर नाही, गोडाऊन झालं. गोडाऊनला कायदा लागत नाही. उद्या म्हणतील, हा माणूस इथं राहत नव्हता, नांगर राखायला ठेवला होता. राखणदार! एका रात्रीत रस्त्यावर येशील."

ज्योतीरामला हे पटलं. मग लंचमध्ये दुसरा एक जण म्हणाला की जमिनीचा खटला चालू असेल, शेतीची अवजारं दाखवून म्हाताऱ्याला आपण अजून शेतकरी आहोत असं सिद्ध करायचं असेल, आणि त्यात साक्षीदार म्हणून तुला ओढतील. ज्योतीरामला हेही पटलं. तिसरा म्हणाला, काही नाही रे, करणी-बिरणी असते असल्या लोकांत. ते काही ज्योतीरामला पटलं नाही, पण त्याने तेही लक्षात ठेवलं. सुटी होईपर्यंत त्याच्याकडे इतकी कारणं जमली होती की त्यांचीच एक यादी झाली असती.

पण इंदूला पत्र टाकून झालं होतं. खोली मिळाली, ये, असं त्याने म्हाताऱ्याने हो म्हणताच उत्साहात लिहून टाकलं होतं. म्हणतात ना, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. आता ती एसटीत बसून येणार आणि हा तिला कुठे नेणार, नाइटवाल्याच्या गादीवर?

संध्याकाळी तो चाळीवर गेला. खोलीचं दार उघडं होतं आणि आत खरोखरच नांगर होता. भिंतीला लावून आडवा ठेवलेला, त्याचा लांबच लांब दांडा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्याच्यावर कुळव, कोपऱ्यात पाभर उभी, तिन्ही खुंट्यांना मिळून जू टांगलेलं, आणि मधोमध मोट, पाण्याच्या टाकीएवढी. उरलेल्या जागेत एक माणूस झोपला असता, तोही कुशीवर. सगळ्याला ताजं तेल लावलेलं होतं. वासाने ज्योतीरामला एकदम त्याच्या गावच्या पाटलाचा गोठा आठवला, आणि गोठ्याच्या दाराशी बसून भाकरी खाणारा बाप आठवला. त्याला ते आवडलं नाही.

"बाबा, हे बाहीर ठेवा की गोठ्यात," तो अंगणात बसलेल्या सोपानरावांना म्हणाला. "मी यादीवर बल्बसाठी सही करतो, खुंट्यांसाठी करतो. ह्यासाठी कशाला?"

"गोठा पाडायचा हाय. तितं आनखी दोन खोल्या व्हनार."

"मग इका."

म्हाताऱ्याने त्याच्यावर नजर रोखली. ते उठले, काठी घेतली आणि देवळाकडे निघून गेले. त्यांची बायको गोजाबाई जोत्यावर शेंगा निवडत बसली होती. ती नवऱ्याच्या पाठीकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "कर बाबा सही. तुजं काय जातंय? तुला त्यानं काय खायाला मागितलं न्हाई."

"पर कशासाठी, मावशी? मला काय सुधरंना गेलंय."

"ते त्येंनाच ठावं," असं म्हणून तिने सूप उचललं आणि आत गेली. तिला ठाऊक होतं हे तिच्या पाठमोऱ्या चालण्यातही दिसत होतं.

ज्योतीरामने सही केली. अडला हरी, दुसरं काय. फक्त त्याने एक हट्ट धरला की प्रत्येक वस्तूपुढे 'जुना' असं लिहा, न्हाईतर जागा सोडताना नवा नांगर मागाल. परांजप्यांनी हाताने 'जुना' असं घातलं आणि घातलेल्या प्रत्येक शब्दाशी दोघांच्या छोट्या सह्या घेतल्या. करारात काही घालायचं वा खोडायचं तर दोघांनी तिथे सही करावी लागते, एकट्याची चालत नाही, असं ते म्हणाले. सोपानराव सावकाश सही करत, एकेक अक्षर पेरल्यासारखं. सही झाल्यावर मात्र ते इतके खूश झाले की त्यांनी दोघांना भजी खाऊ घातली. ज्योतीराम भजी खात विचार करत होता की हा माणूस एवढा का हसतोय, आणि त्याच्या हसण्याने आपल्याला जास्तच भीती का वाटतेय.

इंदू आली. तिने दारात उभं राहून खोली पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खोली पाहिली.

"तुमी कंपनीत हाव ना?" ती म्हणाली.

"हाव की."

"मग ही तिफण कुणाची?" तिने कोपऱ्यातल्या पाभरीकडे बोट दाखवलं.

त्याने तिला कराराचा कागद दाखवला, यादी वाचून दाखवली, कलम समजावलं. तिला एक अक्षर कळलं नाही आणि त्याचा दोष तिच्याकडे नव्हता. पण बाई कामाची. तिने मोट उलटी करून तिच्यावर स्टोव्ह मांडला. नांगराच्या दांड्याच्या आतल्या बाजूला अंथरूण घातलं, म्हणजे पोरगी रांगत दाराकडे जाणार नाही. मुलगी जागी होती. तिने बापाकडे टक लावून पाहिलं आणि भोकाड पसरलं. ज्योतीरामला त्या रडण्याचा एवढा आनंद झाला की नांगर राहू दे नाहीतर बैलजोडी राहू दे, त्याला काही फरक पडणार नव्हता.

रविवारी सकाळी अंगणात टेम्पो येऊन थांबला. त्याच्या पुढे राजदूत मोटारसायकलवर सोपानरावांचा मुलगा जयसिंग. कंपन्यांना माल चढवायला-उतरवायला माणसं पुरवण्याचं कंत्राट त्याचं, चाळीचं बांधकाम त्याने केलेलं, घरातला खर्च त्याच्या हातचा. माणूस वाईट नव्हता. आईला दम्याचं औषध तोच आणायचा. फक्त त्याला रिकामी जागा आणि पडून राहिलेली वस्तू बघवत नसे.

"भाऊ, जरा सामान बाहेर घेतो," तो दारात येऊन म्हणाला. "सॉरी हं, अण्णांनी तुम्हाला उगाच अडगळीत टाकलं. बेकरीवाल्याला दिलंय सगळं, भट्टीला. बाभळीचं लाकूड चांगलं जळतं. लोखंड भंगारात. तुमची खोलीही मोकळी होईल."

इंदूचा चेहरा उजळला. ज्योतीराम हो म्हणणारच होता, पण त्याची नजर अंगणात गेली. सोपानराव चिंचेखाली उभे होते, दोन्ही हात काठीवर, आणि बघत होते ते मुलाकडे नाही, टेम्पोकडे नाही, तर ज्योतीरामकडे.

"मला देता येत न्हाई," ज्योतीराम चाचरत म्हणाला. "यादीवर माझी सही हाय."

"कसली यादी?"

त्याने पेटीतून कागद काढला. जयसिंगने तो उभ्या उभ्या वाचला. वाचताना त्याच्या भुवया वर गेल्या, 'मालकाच्या घरच्या माणसासही' इथे थांबल्या, आणि मग तो बापाकडे वळला.

"अण्णा, हे काय आहे?"

"कायदा हाय," सोपानराव जमिनीकडे पाहत म्हणाले. "मी काय करनार? त्याच्या ताब्यात गेलंय. त्याला इच्यार."

"अण्णा, तुम्हाला नको होतं तर मला सांगायचं ना. मी तीनदा विचारलं. तीनदा तुम्ही मान हलवलीत."

गोजाबाई जोत्यावर येऊन उभी राहिली होती. ती कुणालाच उद्देशून नाही अशी पुटपुटली, "जलमात कंदी पोराला न्हाई म्हनाले न्हाईत. जमिनीच्या येळंला बी न्हाई."

तेव्हा कुठे ज्योतीरामच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडल्याबरोबर त्याला रागच आला. म्हणजे गोडाऊन नाही, खटला नाही, करणी नाही! या म्हाताऱ्याला स्वतःच्या पोराला एक शब्द म्हणता येत नव्हता, म्हणून याने तो शब्द आपल्याकडून स्टँपपेपरवर लिहून घेतला होता. आपण बायकापोरांसह मोटेवर संसार मांडलाय तो या दोघांच्या मध्ये उभं राहायला. दुसऱ्याचा नांगर बापाने धरला, आता आपण धरायचा, आणि तोही खोलीत! त्याला वाटलं, जाऊ दे मसणात. ज्याचा नांगर त्याने बोलावं.

"करारात खोडायचं तर मालकाची सही लागती," तो मोठ्याने म्हणाला. "त्येंनी खोडून सही केली तर न्या."

जयसिंगने लगेच खिशातलं पेन काढलं. "करा, अण्णा."

म्हाताऱ्याने ज्योतीरामकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, ओरड नव्हती, आणि म्हणूनच ते सहन होईना. मग त्यांनी पेन घेतलं, कागद जोत्यावर टेकवला, आणि वाकून नांगरावर रेघ मारली. कुळवावर, पाभरीवर, जुवावर, मोटेवर. दर रेघेपाशी सही, एकेक अक्षर करत. टेम्पोवाला बिडी ओढत वाट पाहत होता. सह्या झाल्यावर सोपानरावांनी टोपण लावून पेन मुलाला दिलं आणि हात धोतराला पुसले.

"झालं," जयसिंग म्हणाला आणि कागद ज्योतीरामपुढे धरला. "तुमची एक सही टाका शेजारी. काढा रे सामान."

माणसं खोलीत शिरली. इंदूने पोरीला कडेवर घेतलं आणि बाजूला झाली. एकाने जुवाला हात घातला. ज्योतीरामने पेन हातात घेतलं होतं. समोर नांगरावरची रेघ होती, तिच्या शेजारी म्हाताऱ्याची ओलसर सही, आणि तिच्या शेजारी त्याची स्वतःची जागा कोरी होती. त्याला त्याच्या बापाची आठवण झाली. बापाला कधी कुणी विचारलं नव्हतं की हा नांगर देऊ का ठेवू. कुणी विचारणारही नव्हतं. आणि आज एवढा मोटारसायकलवाला माणूस हातात कागद धरून त्यालाच विचारत होता. त्याला भीती वाटत होती, बायकोची काळजी वाटत होती, आणि तरी त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मी न्हाई सही करत."

"काय?"

"ठिवा ते जू खाली," तो माणसांना म्हणाला. "करार अकरा महिन्यांचा हाय. तवर हे सगळं माझ्या ताब्यात हाय. मी भाडं देतो त्यात हे धरून देतो. खोली सोडतानी घ्या."

"अहो, मालकानं सही केलीय!"

"मालकानं केली. मी न्हाई केली. एकट्याची चालत न्हाई."

जयसिंगचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला नांगर करायचाय काय? शेती आहे का तुमच्याकडे?"

"न्हाई."

"मग?"

ज्योतीराम दार अडवून उभा राहिला. आपण कुठल्या जातीच्या वेड्याशी बोलतोय हे जयसिंगला ठरवता येईना.

"अकरा महिने झाले की खोली खाली करायची," शेवटी तो म्हणाला. "एक दिवस जास्त देणार नाही."

"बरं," ज्योतीराम म्हणाला. पाठीमागे इंदूने श्वास घेतलेला त्याला ऐकू आला.

तेवढ्यात सोपानरावांनी काठी आपटली. "बघितलंस? बघितलंस कसला माजोरी मानूस हाय!" ते असे कडाडले की चाळीतले भाडेकरू दारात आले. "मी मालक! मी सही केली! आन हा काल आल्याला मानूस माझी वस्तू मला दीना! आरं, कुठं फेडशील? कायद्याचा किडा! असल्याला खोली दिली, माझीच अक्कल गेली व्हती गवत खायाला!"

त्यांचा आवाज थरथरत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि शिव्या काही थांबत नव्हत्या. ज्योतीराम अवाक होऊन ऐकत राहिला. त्याला खरंच कळेना की हा माणूस आपल्यावर चिडलाय की काय. गोजाबाईने तोंडाला पदर लावला होता. ती रडत होती की हसत होती तेही कळायला मार्ग नव्हता.

"मी म्हणत होतो, भाडेकरू बघून ठेवा," जयसिंग बापाला म्हणाला. पण त्याचा राग आता बापावर नव्हता. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "जाऊ द्या अण्णा, बीपी वाढेल. सोडतोय का त्याला." रिकामा टेम्पो मागे वळला आणि राजदूत त्याच्या पुढे गेली.

दुपारी जेवताना इंदू एवढंच म्हणाली, "अकरा महिन्यांनी मोट डोक्यावर घिऊन हिंडा आता खोली बघत." त्याने मान खाली घालून भाकरी मोडली. तिचं चूक नव्हतं. सकाळी आपण जे केलं ते कशासाठी, हे त्याला नीट सांगताही आलं नसतं.

दिवेलागणीला दारात सोपानराव आले. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या आणि चौकटीपाशी थांबले. स्वतःच्या खोलीच्या, स्वतः पैसे घातलेल्या चौकटीपाशी.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

ज्योतीराम गडबडून उठला. "या की, बाबा. तुमचीच खोली हाय."

म्हातारे आत आले, नांगराशेजारी उकिडवे बसले. पोरगी दांड्याला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती आणि परत परत बसत होती. इंदूने मुकाट्याने ताटलीत भाकरी आणि भाजी वाढून त्यांच्यापुढे सरकवली. ते खातील की नाही याचा तिला अंदाज नव्हता आणि ज्योतीरामलाही नव्हता. म्हाताऱ्याने तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि हातातच धरला.

"मी तर दिऊन बसलो हुतो, बाबा," ते म्हणाले. "माज्या हातानं रेघ मारली."

बाहेर राजदूतचा आवाज जवळ येऊ लागला तेव्हा ज्योतीरामने उठून दाराला आतून कडी लावली आणि म्हाताऱ्याला निवांत जेवू दिलं.